काचेवर दिलेला जबाब

आधी माझं

शास्त्राच्या मास्तरांनी वर्गाला विषय दिला: ‘तांबड्या रक्तपेशीचे आत्मवृत्त’. वर्गातले बाकीचे काय लिहिणार ते मला ठाऊक आहे. ‘मी एक इवलीशी पेशी, माझे रूप गोजिरवाणे.’ मला ते जमत नाही. मी भादव्यात हिवतापाने मरायला टेकलो होतो आणि तो ताप माझ्याच मूर्खपणाने लांबला. आता हिंडूफिरू लागलो आहे, म्हणून लिहितो. दुसऱ्या कोणी तोच मूर्खपणा करू नये एवढाच हेतू.

माझं नाव किसन. आमचा वांग्यामेथीचा मळा वाशीमबाहेर, रेल्वेच्या रुळाला लागून. मी शाळेत शेवटच्या वर्गात आहे आणि शाळा सुटल्यावर पत्रकं लिहितो, वाटतो, चौकात वाचून दाखवतो. पत्रकात दुसऱ्याचे वाभाडे काढणं सोपं असतं. या वेळी वाभाडे माझे आहेत, आणि ते माझ्याच रक्तातली एक पेशी काढणार आहे. इथून पुढे ‘मी’ म्हणजे ती. ‘धनी’ म्हणजे हा किसन.

जन्म

माझा जन्म धन्याच्या छातीच्या मधल्या हाडात झाला. हाड म्हणजे कोरडं लाकूड असा लोकांचा समज. आत या, मग बघा. लाल, मऊ, गच्च भरलेला मगज, आणि त्यात आमची पैदास अखंड चाललेली. तिथे मला लोह मिळालं. त्या लोहावाचून आम्ही कवडीच्या नाही. लोह धरून ठेवणारा जो तांबडा पदार्थ माझ्यात ठासून भरला, त्याला पुस्तकात हिमोग्लोबिन म्हणतात. तो जास्त मावावा म्हणून माझं केंद्रक काढून बाहेर टाकला. केंद्रक म्हणजे पेशीचं डोकं. ते गेलं की पेशी स्वतःची डागडुजी करू शकत नाही, पिल्लं घालू शकत नाही. एकशेवीसेक दिवस ओझी वाहायची आणि मरायचं. एवढा त्याग आम्ही जन्मतःच करतो आणि त्याची कुठे सभा भरत नाही.

आकार म्हणाल तर पिठाची चपटी गोळी, दोन्ही अंगांनी अंगठ्याने दाबलेली. मध्ये पातळ, कडेला जाड. अशी असल्यामुळे वायू आत-बाहेर करायला जागा जास्त मिळते आणि अंग लवचीक राहतं. मला माझ्याहून अरुंद गल्ल्यांतून जायचं असतं.

मंगळवारी सकाळी मगजातून मला बाहेर ढकललं. अंगावर अजून कोवळेपणा होता. एरवी आणखी थोडं थांबू देतात. पण धन्याच्या रक्तात मजुरांची एवढी तूट पडली होती की येईल तिला कामावर धाडत होते.

पहिली फेरी

शिरेतून मी वाहत निघाले. भोवती पिवळसर पाणी, त्यात माझ्यासारख्या असंख्य, पण एकमेकींत अंतर फार. माझ्या शेजारी एक म्हातारी पेशी होती. तिचं अंग कडक झालेलं, कडा झिजलेल्या.

“नवी दिसतं व?” ती म्हणाली. “चाल माझ्यासंगं. हात-पाय हालवाचं काम नाई. हृदय ढकलते, आपुन जाचं.”

“एवढी पातळ वस्ती कशी?” मी विचारलं.

“पातळ? व माय, पोळ्याच्या आंधी पाह्यली असती त कळलं असतं. अंगाले अंग लागे. आता सगळ्या फुटून राह्यल्या.”

पुढे विचारायच्या आत आम्ही हृदयाच्या उजव्या कप्प्यात पडलो. झडप उघडली, खालच्या कप्प्यात गेलो, ती मिटली, कप्पा आवळला आणि आम्हाला फुप्फुसाकडे फेकलं. त्या वेळी माझा रंग काळपट होता. फुप्फुसात वाट फुटत फुटत इतकी बारीक झाली की एका वेळी एकच पेशी, तीही अंग दुमडून. भिंतीपलीकडे हवेची पिशवी. भिंत इतकी पातळ की प्राणवायू सरळ आत आला आणि माझ्या लोहाला चिकटला. सांगते, लोहाला प्राणवायू लागला की अंग लखलखीत लाल होतं. त्या क्षणी वाटलं, याच्यासाठी डोकं दिलं ते बरं केलं.

मग डाव्या कप्प्यात, आणि तिथून महारोहिणीत. तो धक्का सगळ्यांत मोठा. मी पायाच्या पोटरीत गेले. जिथे काम चालू असतं तिथे ऊब असते, कर्बवायू साठलेला असतो, आणि तसल्या जागी आमच्या लोहाची पकड आपोआप ढिली होते. कोणी हुकूम द्यावा लागत नाही. ज्याला गरज जास्त त्याला आमच्याकडून जास्त मिळतं. हा न्याय बाहेरच्या जगात मला कोणी दाखवावा. परतताना कर्बवायू घेतला. थोडा अंगाला चिकटवून, आणि बराचसा माझ्या आत पाण्याशी मिसळून, सोड्यासारखा करून भोवतालच्या पाण्यात सोडला. फुप्फुसात गेलं की पुन्हा त्याचा वायू करून बाहेर.

ही सगळी फेरी एका मिनिटाची. तुम्ही चहाचा पेला फुंकता तेवढ्यात मी तुमच्या टाचेला जाऊन आले.

होळी कोणी पेटवली

फिरता फिरता आम्ही कधी कानात जायचो. पडद्यामागच्या बारीक नळ्यांतून जाताना बाहेरचं ऐकू येतं. मी सांगते त्यातलं अर्धं तिथे ऐकलेलं, अर्धं म्हातारीने सांगितलेलं.

“सांगा ना, आपल्या बायका फुटतात कशाने?” मी म्हातारीला छेडलं.

“धन्यानं फोडल्या,” ती म्हणाली. “त्याची माय दर पावसाळ्यात पोस्टातून क्विनीनच्या पुड्या आणते. रुळाच्या कडंचे खड्डे भरले का ताप येतेच, तिले म्हाईत हाय. औंदा धन्यानं चौकात परदेशी कापडाची होळी केली. त्यात पुडीही टाकली. मी तवा त्याच्या हातात होती. बोटाच्या शेंड्यात. हात तापला थे मले आठोते.”

“पुडी कापड थोडीच आहे!”

“त्याले कोण सांगन? पत्रकात छापलं ना, ‘परक्याचं कडू विष आपल्या पोटात कायले?’ लोकायनं टाळ्या वाजवल्या.”

मला संताप आला. रुळासाठी माती उपसली, खड्डे तसेच सोडून दिले, त्यांत पाणी साचलं, पाण्यावर डास झाले, डासांच्या माद्यांनी ताप वाटला. एवढी सरळ साखळी. धन्याला राग काढायचा होता तर खड्ड्यांवर पत्रक काढायचं होतं, खड्ड्यांच्या मालकांच्या दारात बसायचं होतं. ते सोडून त्याने औषध जाळलं! खड्डा तसाच, डास तसाच, फक्त औषध गेलं.

खोटा दिवस

मंगळवार ताप नसलेला दिवस होता. या तापाची हीच लबाडी आहे. एक दिवस येतो, एक दिवस येत नाही. लोक याला एकांतरा म्हणतात. न येणाऱ्या दिवशी माणूस उठतो, भाकरी मागतो, आणि घरातले सुटलो म्हणतात.

त्या दिवशी शेजारचे सोनबा बुवा आले होते. ते ताप ‘बांधतात’. मनगटाला काळा दोरा, सात गाठी.

“सोमवारी मी गाठ मारली,” सोनबा म्हणाले. “आज हाय काय ताप?”

“सोनबाबुवा, दोऱ्यानं ताप बांधल्या जाते काय? मंग गाय कायले बांधता दाव्यानं, तिलेही सात गाठी मारा!” धनी म्हणाला. त्याने दोरा तोडला.

“दोऱ्यानं नाई त कायनं गेला मंग?”

“मनाच्या जोरानं. मी त्याले हाकलला.”

कानातून जाताना हे ऐकून माझा रंग बदलायचा बाकी राहिला. दोघांचं अडाणीपण एकाच दिवसावर उभं! ताप गेलेला नव्हता, आमच्या आत बसून जेवत होता. सोनबाच्या गाठीला तो दिवस आयता मिळाला आणि धन्याच्या मनोबलालाही.

आई जवळच मेथीच्या जुड्या बांधत होती. “किसन्या, डोळे पिवये दिसून राह्यले तुये. डाव्या बरगडीखाली हात लाव बरं.”

“काई नाई माय. शुक्रवारी अनसिंगले सभा हाय. मी पायी जाऊन राह्यलो.”

“पायी? तुले आंगणातून चुलीपरेंत येता दम लागते.”

दम लागणारच. प्राणवायू वाहायला मजूर उरले नव्हते. जे होते त्यांच्याकडून दुप्पट काम घ्यायला हृदय धावत होतं. आणि शुक्रवार हा तापाच्या पाळीचा दिवस होता, हे घरात फक्त आईने बोटांवर मोजलं असावं. तिने जुडीची गाठ तेवढी घट्ट मारली.

पानथरी

आईने दाखवली ती जागा म्हणजे प्लीहा, आपल्याकडे पानथरी म्हणतात. मंगळवारी दुपारी मी तिथून पहिल्यांदा गेले. ती आमची गाळणी आहे. तिथल्या फटी इतक्या अरुंद की जिचं अंग वाकत नाही ती अडकते. अडकली की मोठ्या भक्षक पेशी तिला गिळतात.

म्हातारी माझ्या पुढे होती. फटीत शिरली, अर्धी गेली, थांबली.

“वाका ना!” मी ओरडले.

“वाकत नाई आता, बाई. शंभराच्या वर दिस झाले.” ती घाबरलेली नव्हती. “माझं लोह वाया जाणार नाई. मगजात वापस जाते. तुझ्यातलं बी कोणाचं जुनंच असन. उरलेल्याचं पित्त होते. तू जाय.”

एवढी काटकसर या देहात आहे. पण या वेळी गाळणी तुंबली होती. फुटलेल्या, डागाळलेल्या, रोग घुसलेल्या पेशी एकदम इतक्या आल्या की पानथरी सुजून बरगडीखाली उतरली होती. एवढं पित्त झालं की डोळ्यांत पिवळेपणा चढला. हा माणूस पानथरी अशी फुगवून सात कोस पायी जाणार होता, आणि तेही भाषण द्यायला.

बुधवार, दुपार

बुधवारी दुपारी ताप आला. बाहेरून तो कसा दिसतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. आतून सांगते.

आधी धमाका. ठिकठिकाणी माझ्या बहिणी एकाच सुमारास फुटल्या. प्रत्येकीतून पंधरा-वीस रोगजंतू, त्यांच्यासोबत काळपट घाण आणि विषारी काहीतरी पाण्यात पसरलं. लगेच कातडीच्या नळ्या आवळल्या. आम्हाला बोटांच्या टोकांना जाताच येईना, म्हणून धन्याची नखं निळी. शरीराला वाटलं आपण गार पडलो, म्हणून स्नायूंनी कापून ऊब करायला सुरुवात केली. दातावर दात. स्नायू प्राणवायू मागत होते आणि आम्ही होतो किती! मी पोटरीत चार फेऱ्या मारल्या आणि चारही वेळा तिथे हात पसरलेले.

“माय… गोधडी टाक… आखीन टाक…”

“तीन टाकल्या रे राजा. आता मीच बसू काय तुझ्या आंगावर?”

त्या गोंधळात एक जंतू माझ्या अंगाला चिकटला. मी कोवळी होते, आणि या जातीच्या जंतूला कोवळ्याच आवडतात. त्याने टोक लावलं, माझ्या अंगाला खळगा पडला, तो खळगा खोल झाला, आणि डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात तो आत. माझी कातडी त्याच्यामागे मिटली. बाहेरून कोणाला काही दिसलं नाही.

मग उकाडा सुरू झाला. कातडीच्या नळ्या सताड उघडल्या आणि आम्ही सगळ्या चेहऱ्याकडे, हातांकडे लोटलो. धनी लालबुंद. डोकं ठणकत होतं. तापलेल्या अंगात लोहाची पकड आणखी ढिली होते. वाटेतच प्राणवायू निसटत होता. धनी बरळत होता, “बंधूंनो, बंधूंनो…” आई कपाळावर ओलं फडकं ठेवत होती.

“बंधू कोनी नाई आले तुये,” ती म्हणाली. “मी एकलीच हावो.”

चार तासांनी घाम. आमच्या भोवतीचं पाणी कातडीतून बाहेर गेलं, रक्त दाट झालं, आम्ही एकमेकींना घासत चाललो. धनी झोपला. मी मात्र पोटात पाहुणा घेऊन फिरत होते.

पाहुणा

त्याचं रूप अंगठीसारखं, एका कडेला खडा. नंतर तो हातपाय पसरावे तसा आत वेडावाकडा सरपटू लागला. खात काय होता? माझं हिमोग्लोबिन. ज्यासाठी मी डोकं दिलं तेच. खाऊन झाल्यावर लोहाची काळपट पूड एका कोपऱ्यात टाकत होता. ते लोह आता मगजात परत जाण्याच्या लायकीचं राहिलं नाही. म्हातारीचं लोह तरी परत गेलं.

मी फुगत गेले. अंगावर आतून गुलाबी ठिपके उठले. छत्तीसेक तासांनी तो तुकडे पाडायला लागणार, अठ्ठेचाळीस तासांनी मी फुटणार. म्हणजे शुक्रवारी दुपारी, अनसिंगच्या वाटेवर.

मी ओरडले असते. पण पेशीचं ओरडणं धन्याला ऐकू जात नाही.

गुरुवार

गुरुवारी ताप नव्हता. धनी पुन्हा मनोबलाचा पुतळा झाला. आई मेथी-वांगी गाडीत भरून वाशीमच्या बाजारात निघाली होती. शाळेत जातो म्हणून धनी गाडीवर चढला. बाजारापाशी शाळेतले शास्त्राचे मास्तर उभे होते. आईने त्यांना आधीच निरोप धाडला होता, हे त्याला कुठे माहीत!

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पापणी खाली ओढली. आत लाली असायला हवी ती पांढुरकी.

“किसन, दवाखान्यात चल.”

“मले काई झालं नाई मास्तर.”

“तुझ्या पत्रकात दर चौथ्या ओळीला ‘पुरावा द्या’ असं असतं. मी वाचतो तुझी पत्रकं. आज मी तुझ्याकडे पुरावा मागतो. रक्ताचा एक थेंब. जंतू दिसला नाही तर तुझ्या क्विनीनच्या पत्रकावर माझी सही. सगळ्या शाळेपुढे.”

“अन् दिसला त?”

“दिसला तर पुडी घ्यायची.”

मला त्या माणसाची पूजा करावीशी वाटली. धन्याला औषध नको होतं, वैद्य नको होता, पण पैज? पैज तो नाकारूच शकत नव्हता.

“चाला,” तो म्हणाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी बरगडीखाली हात घातला. “चार बोटं पानथरी आली आहे. कोणाचा धक्का लागला, गाडीतून पडला, तर आतल्या आत फुटेल.”

“पानथरी काय बोलते डॉक्टरसाहेब? जंतू दाखवा.”

डॉक्टरांनी डाव्या हाताच्या बोटाला सुई टोचली. मी त्या वेळी बोटाच्या टोकातच होते. वाट फुटली, उजेड आला आणि मी थेंबासोबत बाहेर.

काचेवर

थेंब काचेवर टेकवला. दुसऱ्या काचेच्या कडेने तो पुढे ओढला, म्हणजे आम्ही एकीला एक लागून पातळ पसरलो. वारा लागला, आम्ही सुकलो. पाणी गेलं, वाहणं संपलं. नंतर वरून रंग ओतला, त्यात मद्यार्क होता. त्याने आम्ही जागच्या जागी घट्ट झालो. म्हणजे मी तिथे मेले. तुम्ही वाचता आहात तो मेलेलीचा जबाब आहे.

रंग धुतला. मी फिकट गुलाबी झाले. माझ्यातला जंतू निळा, आणि त्याचा खडा माणकासारखा लाल. लपायला त्याला जागा उरली नाही.

डॉक्टरांनी काचेवर तेलाचा थेंब टाकून ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मी त्यांच्या नजरेच्या वर्तुळापासून फार दूर, काचेच्या शेवटाकडे. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बाहेर रोग्यांची रांग वाढत होती, कोणीतरी खोकत होतं, एक बाळ रडत होतं.

“एवढ्यात दिसत नाही,” डॉक्टर म्हणाले. “जंतू थोडे असले की असं होतं. मी तापावरूनच क्विनीन सांगतो.”

धनी ताडकन उभा राहिला. “आयकलं काय मास्तर? नाई दिसत! करा सही!”

“काच पूर्ण कुठे पाहिली?” मास्तर म्हणाले.

“मंग मीच पाह्यतो पुरी. म्हणजे उद्या कोनी म्हनाले नको, का अर्धीच पाह्यली.”

डॉक्टर हसले आणि रोग्यांकडे गेले. मास्तरांनी धन्याला एक डोळा कसा लावायचा, बारीक चाकी कशी फिरवायची, काच कशी सरकवायची ते दाखवलं. आई दाराशी उकिडवी बसून होती.

तो बघायला लागला. एक वर्तुळ, दुसरं वर्तुळ. नुसत्या गुलाबी चकत्या, मध्ये फिकट. त्याला मजा वाटत होती. जिद्दी पोरगा, एकही वर्तुळ सोडत नव्हता. त्याला सिद्ध करायचं होतं की मी नाही. म्हणून तो माझ्यापर्यंत आला. उरकायचं म्हणून बघणारा माणूस माझ्यापर्यंत पोचला नसता.

वर्तुळ सरकलं आणि मी त्याच्या डोळ्याखाली आले. शेजारणींहून फुगलेली, अंगभर गुलाबी ठिपके, पोटात निळा वेडावाकडा जीव आणि त्यात लाल खडा.

चाकी थांबली. पुन्हा फिरली, पुढे, मागे. मी पुसट झाले, स्पष्ट झाले. तो नाहीशी होते का ते बघत होता. मी कुठे जाणार? मी मेलेली होते.

“मास्तर,” तो म्हणाला, “हे काय हाय?”

मास्तरांनी डोळा लावला. डॉक्टरांना खूण केली. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “एकांतरा. ठिपके बघ, पेशी फुगलेली बघ. त्याचाच.”

“हे… माझं हाय?”

“तुझंच की. तूच शोधलंस.”

माझं सांगून झालं. आता त्याचं तो सांगो.

पुन्हा मी, किसन

मी त्या काचेवर सभाच्या सभा गाजवल्यासारखा मिरवलो होतो आणि माझ्याच डोळ्याने माझंच पत्रक खोटं पडलं.

डॉक्टर म्हणाले, दवाखान्यातलं क्विनीन संपलं आहे, पोस्टातून घ्या. मी मान खाली घातली. पोस्ट बंद व्हायची वेळ झाली होती आणि अंगात तिथवर चालायची ताकद नव्हती.

माय उठली. पदराची गाठ सोडली. कागदाची पुडी माझ्या हातावर ठेवली.

“हे कोठून?” मी म्हणालो. “मी त जाळली ना!”

“तू एक जाळली,” माय म्हणाली. “मी चार आणल्या होत्या. तुले जाळाले एकच देल्ली.”

“मंग इतले दिस काहून नाई देल्ली?”

“पाजली असती त थुकला असता. चौकात भाषण देलं ना तू. आता बस, पाणी आणतो.”

क्विनीन कडू असतं. इतकं कडू की दोन दिवस भाकरीलाही तीच चव. कानात सतत भुणभुण, आवाज दुरून आल्यासारखे. मास्तरांना विचारलं, हे जंतूला नेमकं कसं मारतं? ते म्हणाले, पक्कं कोणालाच ठाऊक नाही, मारतं एवढं खरं. शुक्रवारी ताप आला, पण अर्धाच. रविवारी दुपारी मी अंगणात बाजेवर बसून वाट पाहत राहिलो. सूर्य कलला. ताप आला नाही. माय कामावरून सारखी डोकावत होती आणि वांगी मोजायला आल्याचं सोंग करत होती.

ज्यांना आत्ता ताप आहे त्यांना सांगतो. मोकळा दिवस म्हणजे बरा दिवस नव्हे. तो जंतूंच्या जेवणाचा दिवस असतो. सांगितलेले सगळे दिवस औषध घ्या, ताप थांबल्यावरही. आणि महिन्यांनी पुन्हा ताप आला तर स्वतःला दोष देऊ नका. हा जंतू मधल्या काळात कुठे दडतो ते अजून डॉक्टरांनाही सापडलेलं नाही. दडतो एवढं खरं. बरगडीखाली जड वाटत असेल तर झाडावर चढू नका, कुस्ती खेळू नका.

माझा राग मात्र गेलेला नाही. रुळाकडेचे खड्डे तसेच आहेत. मी अर्ज केला, उत्तर नाही. मी आणि माय मिळून आमच्या बांधाजवळचा एक खड्डा मातीने भरला. सोनबा बुवा बांधावर उभे राहून म्हणाले, “खड्डा भरल्यानं ताप जाते काय गा?” मी म्हणालो, “फावडं धरा अन् पाहा.” त्यांनी धरलं नाही. बाकीच्यांनीही नाही. होळीला टाळ्या वाजवणारे अख्खे चौकभर होते.

गेल्या आठवड्यात अनसिंगला गेलो, गाडीने. क्विनीनचं जुनं पत्रक मी माझ्याच तोंडाने रद्द केलं. मागून एकजण ओरडला, “सरकारनं विकत घेतलं काय बे तुले? पुरावा दाव!”

मास्तरांनी ती काच मला दिली आहे. खादीच्या रुमालात गुंडाळून खिशात असते. मी ती काढली आणि उन्हात धरली. लोकांना काय दिसणार? काचेवर एक गुलाबी पुसट डाग. तो माणूस हसला. मी हसलो नाही. हात खाली घेतला नाही. डागाच्या त्या टोकाला, शेवटाकडे, ती आहे. मला ठाऊक आहे कुठे.

“वाशीमले या,” मी म्हणालो. “काच पुरी पाहा. मी बसतो तुमच्याजवळ.”

अजून कोणी आलेलं नाही. काच मी रोज पुसतो, फक्त कडेने.